स्विंग वाढवूनही हाय-हॅट सरळच वाजतात तेव्हा

९० बीपीएमचा बूम-बॅप बीट. किक १, ८ आणि ११ व्या स्टेपवर, स्नेअर ५ आणि १३ वर, हॅट सगळ्या विषम स्टेपवर. स्विंग ५० वरून ५८ टक्के केला, तरी हॅट तसेच ताठ!

कारण साधं आहे: सोळांश स्विंग फक्त सम स्टेप मागे सरकवतो, आणि हॅट तर विषम स्टेपवर. सरकली ती एकटी ८ व्या स्टेपवरची किक, साधारण २७ मिलिसेकंद. म्हणून ८ आणि १६ वर दोन हळू हॅट घातले. मुख्य हॅटची व्हेलॉसिटी ९५, यांची ४० च्या आसपास. तेवढ्याने चाल डुलायला लागली. स्विंग ६२ टक्क्यांच्या पुढे नेला की मात्र ती लंगडते.

कॉर्डचा तुकडा मूळ ८५ बीपीएमचा होता. टाइम-स्ट्रेच न करता एक सेमीटोन वर नेला की वेग आपसूक ९० होतो, आणि आवाज कृत्रिम वाटत नाही. दोन बारचा लूप ५.३३ सेकंदांचा. तो दर दोन बारला नव्याने ट्रिगर करायचा, नाहीतर उरलेला बारीक फरक साचत जातो. लूपमधलं १५० हर्ट्झखालचं कापलं, तेव्हा किक मोकळी झाली.

स्नेअरची धूळ नुसत्या क्रॅकलने येत नाही. स्नेअर तीन सेमीटोन वर नेऊन १२ बिट, २६ किलोहर्ट्झवर सॅम्पल केला आणि मग तेवढाच खाली आणला. खरखर त्या उतरण्यातून येते.