‘बोला’ म्हटलं आणि पाहुणा गप्प झाला? होमस्टेवाल्यांनो, या चुका टाळा

दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत तारकर्ली-देवबागच्या बाजूला घरगुती खोल्या देणाऱ्या कुणाशीही बोला, गजाली शेवटी याच तक्रारीवर येतात: "तेना हाय केल्यान, मी नमस्कार केलंय, मगे गुल!" मग निदान ठरलेलं, लोक टाइमपास करतात. करतात काही जण, नाही असं नाही. पण पहिलं ‘हाय’ करून गप्प होणाऱ्यांच्या चॅट एकामागून एक वाचल्या, तर बऱ्याच ठिकाणी गप्प होण्याचं कारण आपल्याच उत्तरात सापडतं.

मुळात ते ‘हाय’ पाहुण्याने स्वतः टाइप केलेलं असेलच असं नाही. फेसबुक-इन्स्टाच्या जाहिरातीवरचं बटण किंवा आपली व्हॉट्सअ‍ॅप लिंक दाबली, की चॅटमध्ये मजकूर आधीच भरून येतो. माणूस फक्त पाठवायचं बटण दाबतो. म्हणजे त्याच्या बाजूने अजून काहीच ठरलेलं नसतं, आणि आपण मात्र गिऱ्हाईक आलं म्हणून खूश. लिंकमधून भरून येणारा हा मजकूर बदलता येतो. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये Business tools उघडून Short link मध्ये गेलं, की तिथे तो मिळेल. ‘नमस्कार’ एवढंच ठेवण्याऐवजी ‘खोली हवी आहे. तारीख: … माणसं: …’ असं ठेवा. ज्याला खरंच यायचंय तो रिकाम्या जागा भरतो.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक, म्हणजे "नमस्कार, बोला, काय मदत करू?" हे उत्तर. नम्र आहे, पण त्यातून पाहुण्याला काहीच मिळत नाही. त्याने नकाशावर बघून एकाच वेळी तीन-चार घरांना ‘हाय’ केलेलं असतं, आणि दुसऱ्या कुणीतरी तेवढ्यात दर आणि खोलीचा फोटो पाठवलेला असतो. आपण मात्र विचारण्याचं काम त्याच्याचकडे परत सोपवलं. तो ऑफिसात आहे, संध्याकाळी सविस्तर लिहू म्हणतो, आणि संध्याकाळपर्यंत आपली चॅट इतर मेसेजांखाली गेलेली असते. यात राग नाही की नकार नाही, विषय नुसता मागे पडतो.

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे एका ‘हाय’वर पंधरा फोटो, दरपत्रकाची पीडीएफ, डॉल्फिन बघायला नेणाऱ्या बोटीचे दर आणि वर एक व्हॉइस नोट. एवढं बसून वाचायला वेळ लागणार म्हणून माणूस ते नंतरसाठी ठेवतो, आणि ती वेळ येतच नाही. तिसरी तऱ्हा चौकशीची: किती जण, कुठून येणार, व्हेज की नॉनव्हेज, बजेट किती? बजेट पहिल्याच मेसेजात विचारलं की पाहुण्याला वाटतं, आपला खिसा बघून हे दर लावणार.

ज्यांनी आपोआप जाणारा Greeting message लावलाय, त्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. तो पहिल्यांदा मेसेज करणाऱ्याला जातो, तसाच १४ दिवस बोलणं झालं नसेल तर जुन्या माणसालाही जातो. गेल्या महिन्यात अ‍ॅडव्हान्स भरलेले काका निघायच्या आधी रस्ता विचारतात आणि त्यांना उत्तर येतं, ‘आमच्याकडे आपलं स्वागत आहे, आपली काय सेवा करू?’ त्यांना वाटतं, आपलं बुकिंग यांच्या लक्षातच नाही. पाहुण्याचा नंबर सेव्ह करा आणि त्याच सेटिंगमध्ये Recipients निवडताना सेव्ह केलेले नंबर वगळा.

पुन्हा लिहिण्याआधी टिका बघा. एकच टिक असेल तर मेसेज पोचलेलाच नाही. माणूस आंबोली घाटात असेल, गाडीत करबुडे बोगद्यात असेल, नाहीतर फोन बंद असेल. तिथे दुसरा मेसेज टाकून उपयोग नाही. दोन करड्या टिका म्हणजे पोचला. वाचला की नाही ते सांगता येत नाही, कारण निळ्या टिका बंद ठेवणारे पुष्कळ आहेत. निळ्या झाल्या तर वाचला आणि उत्तर द्यावंसं वाटलं नाही किंवा देता आलं नाही, इतकंच कळतं. पुण्या-मुंबईचं कुटुंब म्हटलं की रजा मंजूर व्हायची असते, मुलांच्या परीक्षा असतात, कोकण रेल्वेचं तिकीट वेटिंगवर असतं. निर्णय एकट्याचा नसतो.

समजा, देवबागच्या चार खोल्यांच्या घराला मंगळवारी दुपारी ‘Hi’ आलं. मालकिणीने पंधरा मिनिटांत ‘नमस्कार, बोला’ लिहिलं. निळ्या टिका झाल्या, पुढे शांतता. त्याच संध्याकाळी ‘??’ पाठवायचं नाही, ‘काय ठरलं?’ विचारायचं नाही, मिस्ड कॉल तर नाहीच. ज्याने लिहून विचारलं त्याला बहुधा फोनवर बोलायचं नसतं. बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला एकच मेसेज जावा:

‘नमस्कार, देवबागहून लिहितेय. काल आपला मेसेज आला होता. आमच्याकडे चार खोल्या आहेत, घरापासून समुद्र चालत पाच मिनिटांवर. दोघांना एका रात्रीचे २५०० रुपये, न्याहारीसकट. जेवण घरचं, मासे किंवा शाकाहारी. साधारण कुठल्या महिन्यात यायचा विचार आहे? अजून ठरलं नसेल तरी हरकत नाही, ठरलं की कळवा.’

सोबत दोनच फोटो, एक खोलीचा आणि एक घर बाहेरून दिसतं तसा. ड्रोनने काढलेला संगमाचा फोटो नको, तो सगळ्यांकडे आहे.

कालच्या उत्तरात जे राहिलं ते इथे पूर्ण झालंय: जागा, दर, जेवण. प्रश्न एकच आहे आणि त्याचं उत्तर एका शब्दात देता येतं, ‘जानेवारी’. नेमकी तारीख मुद्दाम विचारलेली नाही, कारण ती त्यालाही माहीत नसते, आणि माहीत नसलेल्या प्रश्नाला लोक उत्तरच देत नाहीत. शेवटच्या वाक्यात सुटायची वाट आहे. ‘काल मेसेज केला होतात, पण उत्तर नाही’ असा टोमणा कुठेही नाही. पाहुण्याने हिंदीत किंवा इंग्रजीत ‘हाय’ केलं असेल तर हेच त्या भाषेत लिहावं. बेळगाव-बंगळुरूकडची मंडळी कितीतरी वेळा भाषेच्या संकोचानेच गप्प बसतात.

‘शेवटची एकच खोली उरलीय’ हे खरं असेल तरच लिहा. खोटं लिहिलंत आणि त्याने बुकिंगच्या साइटवर तीन खोल्या रिकाम्या बघितल्या, तर पुढच्या दरावरही तो विश्वास ठेवणार नाही.

असा मजकूर दरवेळी नव्याने लिहायला नको. Quick replies मध्ये ठेवला की चॅटमध्ये / टाइप करून मिळतो, फक्त मेसेज कधी आला होता ते त्या-त्या माणसाप्रमाणे बदलायचं. आणि ज्याला हा मेसेज गेला त्याच्या चॅटला लगेच ‘एकदा विचारलं’ असं लेबल लावा. घरात फोन तिघं हाताळत असतील तर हे विसरू नका, नाहीतर सकाळी सुनेने लिहिलेलं रात्री सासरेबुवा पुन्हा लिहितात.

त्यानंतर तिसरा मेसेज नाही. दसऱ्याच्या शुभेच्छा, गुड मॉर्निंग, ब्रॉडकास्टमध्ये नंबर घालणं, सगळं त्यातच आलं. लोक अशाने ब्लॉक करतात, आणि ब्लॉक झालेल्या घराला त्यांनी मे महिन्यात विचारायचं ठरवलं तरी आधी नाव आठवून ब्लॉक काढावा लागतो. एवढी तसदी कोण घेणार? त्यापेक्षा चॅट तशीच राहू दे. दर आणि फोटो त्यात आहेतच. बायको ‘ते देवबागचं घर कुठलं होतं?’ म्हणाली की तो शोधून काढतो.