‘डिलिव्हर्ड’ दिसतंय, पण पार्सल कुठंय? मिटलेल्या तक्रारीची पोस्ट लिहिण्याआधी

कुरिअरच्या धंद्यात सगळ्यात जास्त चीड आणणारी तक्रार हरवलेल्या पार्सलची नसते. स्क्रीनवर ‘डिलिव्हर्ड’ दिसतं आणि हातात काहीच नसतं, तेव्हा ग्राहकाला आपण खोटारडा ठरवतोय असं वाटतं. म्हणूनच अशी तक्रार नीट मिटली, तर सोशल मीडियावर विश्वास मिळवणाऱ्या पोस्टसाठी तिच्याइतका चांगला विषय नाही. फक्त पोस्ट लिहायला बसण्याआधी काही गोष्टी हाताशी हव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे वेळेचा हिशोब, आणि तो डिलिव्हरी बॉयला विचारून नव्हे, स्कॅनच्या नोंदी आणि कॉलची यादी शेजारी ठेवून मांडायचा. एक उदाहरण घेऊ. दुपारी 2:10 ला ‘डिलिव्हर्ड’ची नोंद पडली. 4:30 ला ग्राहकाचा फोन आला, काउंटरवरून उत्तर मिळालं, “सिस्टीमला पोहोचलंय, घरात विचारून बघा.” संध्याकाळी 7 वाजता दुसरा फोन आला, तेव्हा कुठे तक्रार नोंदवली गेली. मग पीओडीचा, म्हणजे पार्सल पोहोचवल्याच्या पुराव्याचा फोटो उघडला, तर त्यात नुसती भिंत आणि पार्सल, दाराचा नंबर नाही. सकाळी रनशीट, म्हणजे आदल्या दिवशीच्या डिलिव्हरींची यादी घेऊन माणूस त्याच वाटेनं फिरला आणि मिळत्याजुळत्या नावाच्या शेजारच्या इमारतीत, वॉचमनच्या टेबलाखाली पार्सल सापडलं. 11:05 ला ते ग्राहकाच्या हातात पडलं.

आता ऑफिसात कुणीतरी म्हणणारच, “सोळा तासांत सोडवली, असं लिहू.” तो 7 पासूनचा हिशोब झाला. ग्राहकाचं घड्याळ 4:30 ला सुरू झालं होतं, म्हणजे साडेअठरा तासांहून थोडं जास्त. पोस्टमध्ये हाच आकडा जायला हवा. नाहीतर पहिली कॉमेंट त्याच ग्राहकाची येते आणि पुढे कुणी काही वाचत नाही. 4:30 चं ते उत्तरही गाळू नका. वाचणाऱ्यानं तसं उत्तर कुठे ना कुठे ऐकलेलं असतं, आणि “आम्ही पहिल्या फोनला फोटो उघडून पाहिलाच नाही” हे वाक्य आलं की पुढच्या मजकुरावर तो विश्वास ठेवायला तयार होतो.

मग परवानगी. इथे बरेच जण एक माणूस विसरतात. पार्सल घेणाऱ्याची तक्रार असली, तरी पैसे बहुतेकदा पाठवणाऱ्यानं मोजलेले असतात. तो एखादा विक्रेता असेल तर त्याला आपल्या मालाचं नाव अशा गोष्टीत नको असू शकतं. दोघांनाही तयार मजकूर आणि फोटो पाठवा, होकार लेखी घ्या, आणि “नंतर नको वाटलं तर काढून टाकू” हेही त्यातच लिहा. तक्रार मिटल्याच्या आनंदात फोनवर मिळालेला “हो हो, टाका” धरू नका. नुकसानभरपाई अजून द्यायची असेल किंवा प्रकरण ग्राहक आयोगात असेल, तर पोस्टचा विचारच सोडा.

फोटोतलं लेबल हा खरा धोका. नाव आणि फोन नंबर सगळे झाकतात, बारकोड मात्र उघडाच राहतो, आणि तो स्कॅन केला की डॉकेट नंबर, म्हणजे पार्सलचा माग काढायचा नंबर मिळतो. पुसट करण्यावर भागवू नका, वर गडद पट्टी टाका, आणि झाकलेल्या फोटोचा स्क्रीनशॉट घेऊन तोच वापरा, म्हणजे मूळ फाइल बाहेर जाणार नाही. पीओडीचा फोटो तर नकोच. त्यात कुणाचं तरी दार असतं. खरं सांगायचं तर वेळा लिहिलेली साधी पाटी फोटोपेक्षा जास्त वाचली जाते.

डिलिव्हरी बॉयचं नाव येऊ देऊ नका, आणि “संबंधितावर कारवाई केली” हे वाक्यही नको. चूक एका मुलाची दाखवली की वाचणारा विचारतो, बाकीच्यांचं काय? त्याऐवजी काय बदललं ते लिहा: आता दाराचा नंबर फोटोत आल्याशिवाय नोंद बंद होत नाही, आणि वॉचमनकडे ठेवायचं तर आधी ग्राहकाला फोन जातो. पण हा बदल शाखेत दोन आठवडे खरंच चालू आहे का, हे रोजच्या दहा-बारा फोटोंवर नजर टाकून बघा, मगच लिहा. “पुन्हा असं होणार नाही” लिहू नका. होणार आहे.

शेवटी पोस्टची वेळ. सणाच्या गर्दीत, गोदामात माल तुंबलेला असताना ती टाकली तर खाली तक्रारींची रांग लागते. शांत आठवडा निवडा आणि पहिला दिवसभर एक माणूस कॉमेंटवर बसवा. लोक तिथेच डॉकेट नंबर आणि मोबाइल लिहितात; ते लगेच लपवून त्यांना मेसेजमध्ये बोलवायचं. आणि “या हेल्पलाइनला फोन करा” म्हणत परका नंबर टाकणारे भामटेही तिथेच येतात, म्हणून आपला खरा नंबर पहिल्या कॉमेंटमध्ये आधीच पिन करून ठेवा.