एसओपीचं इटालियन करताय? शेवटचं अक्षर बघा

मागच्या वेळी माझं लेटर अख्खं पुल्लिंगात गेलं, आणि खाली सहीला नाव बाईचं. आता मावसबहीण अप्लाय करतेय, पुण्यातच बी.आर्क. झालीये, रिस्टोरेशनच्या कोर्सला जायचंय आणि कोर्स इटालियनमधून आहे, म्हणून तिच्यासाठी ही यादी काढली. बाकीच्यांनाही उपयोगी पडेल.

पासपोर्ट, मार्कशीट, भाषेचं सर्टिफिकेट, ते सगळं तुम्हाला माहितीये, त्यात वेळ घालवत नाही.

आधी कोर्सच्या पानावर जाऊन लेटरची मर्यादा बघा. ती कधी पानांत असते, कधी अक्षरांत, आणि अक्षरं मोजताना स्पेससुद्धा धरतात की नाही ते नीट वाचा. इंग्रजीचं इटालियन केलं की मजकूर फुगतो, त्यामुळे मी इंग्रजी ड्राफ्टमधूनच साधारण पाचवा हिस्सा आधी कापायला सांगते. नंतर इटालियनमध्ये कापायला बसलात तर वाक्यं मोडतात आणि मोडलेली आपल्याला कळतही नाहीत.

मग डिग्रीची नावं. इटलीत नुसतं 'मास्टर' म्हणजे डिग्रीनंतरचा बहुतेकदा वर्षभराचा वेगळाच कोर्स, किमान 60 क्रेडिटचा. आपल्याला हवा तो दोन वर्षांचा, 120 क्रेडिटचा, त्याला 'लाउरेआ माजिस्त्राले' म्हणतात. लेटरमध्ये 'मला तुमच्या मास्टरला यायचंय' असं गेलं तर तुम्ही कोर्सचं पानच वाचलं नाही असं दिसतं. डिप्लोमावाल्यांनीही सांभाळा, तिकडे 'दिप्लोमा' म्हटलं की आधी शाळा संपल्याचं सर्टिफिकेट डोळ्यांपुढे येतं, त्यामुळे दहावीनंतरचा पॉलिटेक्निकचा डिप्लोमा असेल तर तो किती वर्षांचा आणि कशातला ते एका वाक्यात सांगा. स्वतःच्या डिग्रीचं नाव सर्टिफिकेटवर आहे तसंच ठेवा, हवं तर पुढे अर्थ द्या. मार्कही आहेत त्याच स्केलवर लिहा, दहापैकी असतील तर दहापैकी. तिकडचं 110 चं स्केल बघून आपल्या मनाने रूपांतर करत बसू नका.

आता मुख्य मुद्दा, आणि हा कृपा करून दोनदा वाचा. इंग्रजीत 'आय' म्हटलं की बोलणारी बाई की पुरुष ते कळत नाही. मराठीत आपण 'गेले' आणि 'गेलो' यात चुकत नाही, पण एसओपी आधी इंग्रजीत लिहिलेला असतो ना, तिथेच ते सगळं पुसलं जातं. मग ट्रान्सलेटरच्या हातात नुसता मजकूर पडतो, नाव असलं तरी आपली नावं त्यांना कळतीलच असं नाही, आणि तो सरळ पुल्लिंगात लिहून मोकळा होतो. म्हणून पहिलं काम, फाईल देतानाच मेलमध्ये स्पष्ट लिहा की अर्जदार मुलगी आहे. आणि सीनियर मुलाचं लेटर साचा म्हणून घेतलं असेल तर दुप्पट सावध राहा.

पण एवढ्याने भागत नाही, स्वतः तपासावंच लागतं, आणि फाइंड-रिप्लेसने होत नाही. का ते बहिणीच्याच लेटरवर दाखवते. तिचा मजकूर साधा आहे: मी पुण्यात वाढले, आर्किटेक्चरची डिग्री घेतली, कसब्यातल्या एका वाड्याचा अभ्यास केला, ड्रॉइंग्ज कॉलेजच्या प्रदर्शनात लागली, तुमच्याकडे प्रवेश मिळाला तर आनंद होईल. यातलं 'वाढले' म्हणजे 'सोनो क्रेशूता', शेवटी 'आ' हवाच, 'क्रेशूतो' झालं की मुलगा. डिग्रीचं 'मी सोनो लाउरेआता', तिथेही 'आ'. पण 'अभ्यास केला' याला 'ओ स्तुदिआतो', हे मुलीलाही 'तो'च राहतं, कारण इथलं सहायक क्रियापद वेगळं आहे. ते तुम्ही उत्साहाने 'स्तुदिआता' केलंत तर नवी चूक झाली. पुढे ड्रॉइंग्जचं वाक्य, तिथेही 'सोनो' येतं, कारण 'मी आहे' आणि 'ते आहेत' दोन्हीला तोच शब्द, पण तिथला शेवट ड्रॉइंग्जप्रमाणे चालणार, तुमच्याप्रमाणे नाही. आणि सगळ्यात शेवटचं, प्रवेशाचं वाक्य: 'सारेई लिएता दी एस्सेरे अम्मेस्सा'. यात दोन जागा आहेत, 'लिएता' आणि 'अम्मेस्सा', आणि लोक पहिली सुधारतात आणि दुसरी सोडतात, कारण 'एस्सेरे'च्या मागे कोण आहे ते पटकन दिसत नाही.

तर तपासायचं असं. फाईलमध्ये `sono` शोधा, प्रत्येक ठिकाणी थांबा, कर्ता कोण ते स्वतःला विचारा, आणि तुम्ही असाल तरच शेवटचं अक्षर बघा. मग `stato`, मग `essere`, मग `sarei`. मग 'खात्री आहे', 'रस आहे', 'तयार आहे' असली विशेषणं, तीही बदलतात. मग प्रिंट काढून हायलायटरने फक्त स्वतःबद्दलचे शब्द रंगवा आणि बाकी काही न वाचता तेवढेच वाचा. अर्थ वाचायला लागलात की शेवटचं अक्षर निसटतं, हमखास. मुलांनीही हे करा, मुलीचं लेटर साचा म्हणून घेतलं असेल तर तुमचं उलटं होईल. आणि नंतर कुठलंही वाक्य बदललंत, एक जरी, की त्या वाक्याचं शेवटचं अक्षर पुन्हा बघा.

विषयातले शब्द डिक्शनरीतला पहिला अर्थ बघून उचलू नका. बहिणीने वाड्याचा 'सर्व्हे' केला होता, म्हणजे टेप लावून मापं घेतली, खांब-तुळया मोजल्या, प्लॅन काढले. ट्रान्सलेशनमध्ये आलं 'सोंदाज्जो', म्हणजे लोकांची मतं विचारतात तो सर्व्हे. आर्किटेक्चरमध्ये तिला हवा तो शब्द 'रिलिएवो', आणि रिस्टोरेशनच्या कमिटीसमोर तो चुकला तर तुम्ही नेमकं काय काम केलं तेच पोचत नाही. 'वाडा' मात्र वाडाच ठेवला आणि पुढे अर्ध्या ओळीत सांगितलं, चौकाभोवतीचं लाकूड-विटांचं जुनं घर. 'पालात्सो' करायचं नाही, त्याने वेगळीच इमारत उभी राहते. असे आपल्या विषयातले सात-आठ शब्द काढा आणि इटालियन युनिव्हर्सिटीच्या त्याच विषयाच्या सिलॅबसमध्ये ते कसे वापरलेत ते बघा. याला एक संध्याकाळ द्या.

बाकीचं पटापट. सुरुवात 'जेन्तीले कोम्मिस्सिओने', मग स्वल्पविराम, आणि पुढची ओळ छोट्या अक्षराने सुरू, ते बरोबरच आहे, सुधारू नका. महिन्याचं नाव छोट्या अक्षराने. दशांशाला टिंब नाही, स्वल्पविराम, 8,2 असं. 'मी' म्हणजे 'इओ' प्रत्येक वाक्यात नको, मराठीसारखंच क्रियापदातून कळतं. मात्रा असलेलं `è` म्हणजे 'आहे' आणि नुसतं `e` म्हणजे 'आणि', आपल्या कीबोर्डवर मात्रा नसते म्हणून लोक सोडून देतात, सोडू नका. नावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे, आणि युनिव्हर्सइटलीच्या फॉर्ममध्ये डिग्रीचं जे नाव टाकाल तेच लेटरमध्ये. शेवटचं अक्षर बघितलं का? परत बघा. पीडीएफ करून दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडा, मात्रांच्या जागी चौकोन दिसत नसतील तर अपलोड करा.