सात विरुद्ध तीन उत्तरं आली, म्हणजे ‘अ’ जिंकला का?

समजा १२० कंपन्यांना ओळख करून देणारा ईमेल पाठवायचा आहे आणि मजकूर दोन आहेत, ‘अ’ आणि ‘ब’. कुठल्याला जास्त उत्तरं येतात ते पाहायचंय. यादीतला वरचा अर्धा भाग ‘अ’ला, खालचा ‘ब’ला असं करू नका, याद्या बहुधा कशावरून तरी लावलेल्या असतात. आधी व्यवसाय आणि कंपनीचा आकार यांनुसार यादी लावा, लागोपाठच्या दोन-दोन कंपन्यांच्या जोड्या करा. शीटमध्ये शेजारच्या रकान्यात `=RAND()` टाका, जोडीत ज्याचा आकडा मोठा त्याला ‘अ’. आकडे लगेच फक्त मूल्य म्हणून पेस्ट करा, नाहीतर प्रत्येक बदलागणिक ते पुन्हा बदलतात. एका कंपनीतल्या दोघांना दोन वेगळे मजकूर गेले तर घोळ होतो, म्हणून कंपनीमागे एकच माणूस. जोडीतले दोन्ही ईमेल एकाच दिवशी, एकाच वेळी जाऊ द्या.

आता निकाल. प्रत्येकी ६० ईमेल गेले, ‘अ’ला ७ आणि ‘ब’ला ३ उत्तरं आली. दुपटीहून जास्त! पण नाणं दहादा उडवलं तरी ७-३ किंवा त्याहून एकतर्फी निकाल साधारण तीनातून एकदा लागतोच. ८-२ नवातून एकदा. ९-१ मात्र पन्नासातून एखाद्याच वेळी, तेव्हा कुठे विश्वास ठेवावा.

‘सध्या रजेवर आहे’ छापाची आपोआप येणारी उत्तरं मोजू नका. आणि कधी थांबायचं हे आधीच ठरवा. रोज डोकावून ‘अ’ पुढे दिसला की थांबलात, तर वरचं गणित लागू होत नाही. एवढ्या कमी उत्तरांत विषयओळीतला एखादा शब्द बदलून काही कळणार नाही. मागणीच वेगळी करून पाहा: एकात भेटीची वेळ मागा, दुसऱ्यात फक्त एक प्रश्न विचारा.