भूकंप-ज्वालामुखीचे पट्टे: दरवर्षी दिसणाऱ्या या चुका टाळा

‘भूकंप व ज्वालामुखींचे जागतिक वितरण स्पष्ट करा’ असा प्रश्न आला की पेपरांच्या गठ्ठ्यात पुन्हा पुन्हा तेच चित्र दिसतं. स्टेन्सिलने काढलेलं जग, पॅसिफिकभोवती लाल स्केचपेनची जाड रेघ, दुसरी रेघ आल्प्सपासून हिमालयापर्यंत, आणि दोन्हींवर एकच नाव: ‘भूकंप व ज्वालामुखी पट्टा’. रेघ ओढली, उत्तर संपलं.

दोघांना एकच पट्टा देणे

एका पूर्वपरीक्षेत एका मुलाने एव्हरेस्टशेजारी ज्वालामुखीचा त्रिकोण काढून त्यातून धूरही सोडला होता. बोलावून विचारलं, तर तो म्हणाला, “सर, पट्ट्यात येतो ना तो?” मुलाचा तर्क बरोबर होता. त्याच्या हातात दिलेला पट्टाच चुकीचा होता.

हिमालयात भूकंपांची कमतरता नाही. १९३४ चा बिहार-नेपाळ, १९५० चा आसाम, २०१५ चा नेपाळ, असे मोठे धक्के तिथे बसले आहेत. ज्वालामुखींची रांग मात्र तिथे नाही. भूकंपाला फक्त अडकलेले आणि ताणले गेलेले खडक पुरतात. ते तुटून सरकले की धक्का बसतो. ज्वालामुखीला खडक वितळावा लागतो, आणि ती वेगळी भानगड आहे. हिमालयात दोन्ही बाजूंना खंडाचा जाड, हलका खडक आहे. तो खोल बुडायला तयार नसतो, त्यामुळे चुरगळून वर येतो आणि जाड होतो. पूर्वी इथे टेथिस समुद्राचा तळ आशियाखाली जात होता, तेव्हा ज्वालामुखी होते. लडाखमधला ग्रॅनाइटचा लांबच लांब पट्टा त्यांच्याच मुळाशी थिजलेला शिलारस आहे. समुद्र मिटला तशी ती रांग विझली. याच पट्ट्याचं पूर्वेकडचं टोक सुमात्रा-जावाकडे वळलं की पुन्हा ज्वालामुखी सुरू होतात, कारण तिथे अजून समुद्रतळ बुडतो आहे.

माझी सवय सांगतो. नकाशात भूकंपांसाठी ठिपके आणि ज्वालामुखींसाठी त्रिकोण वेगवेगळ्या रंगांत काढायचे, रेघ अजिबात ओढायची नाही. कुठे दोन्ही आहेत आणि कुठे नुसतेच ठिपके, हे लगेच दिसतं. वेळ लागतो, हे मान्य. पण ज्यांना रेघेतच काम उरकायचं असतं, तेच पुढे एव्हरेस्टमधून धूर काढतात.

‘घर्षणाने खडक वितळतो’

हे वाक्य माझ्या डोक्यात जातं. एकदा एका अख्ख्या गठ्ठ्यात ते शब्दशः सारखं आलं, ‘घर्षण’ची तीच चूक प्रत्येक पेपरात. एका खासगी क्लासच्या नोट्समधून ते आलं होतं. तिथल्या सरांना फोन केला, तर म्हणाले, “एवढं लिहिलं तरी मार्क मिळतात हो.” मिळतात, हेच दुःख आहे.

घर्षणाने खडक वितळून ज्वालामुखी होत असते, तर कॅलिफोर्नियातल्या सॅन अँड्रियास भेगेवर त्यांची रांग लागली असती. तिथे दोन भूपट्ट शेजारून घासत जातात, १९०६ मध्ये याच भेगेने सॅन फ्रान्सिस्को उद्ध्वस्त केलं, तरी भेगेच्या कडेने अशी रांग नाही. मग शिलारस येतो कुठून? त्यासाठी उत्तर जपानचा एक छेद काढा. आलेख कागद आडवा धरा आणि १ सेंमी = ५० किमी हे प्रमाण आडवं-उभं दोन्हीकडे सारखंच ठेवा. उभं प्रमाण वाढवलंत तर उतार कड्यासारखा दिसेल आणि सगळा अंदाज बिघडेल.

उजव्या टोकाला जपान गर्ता काढा. इथे पॅसिफिक भूपट्ट वर्षाला साधारण ८ सेंमी वेगाने पश्चिमेकडे जपानखाली शिरतो. गर्तेपासून पश्चिमेला दोन-अडीच सेंमीवर, जेमतेम अर्धा सेंमी खाली, ११ मार्च २०११ च्या ९ तीव्रतेच्या भूकंपाची नाभी येते. इथे दोन भूपट्ट एकमेकांत घट्ट अडकलेले असतात. सुटतात तेव्हा समुद्रतळ उचलला जातो आणि त्सुनामी येते. म्हणजे घासाघासी सर्वांत जास्त इथे आहे, पण ज्वालामुखी एकही नाही.

आता गर्तेपासून ६ सेंमी पश्चिमेला या. सेंदाई शहराच्या मागे झाओ ज्वालामुखी आहे आणि त्याच्या उत्तर-दक्षिणेला बाकीची रांग. त्याच्या बरोबर खाली बुडणारा भूपट्ट साधारण २ सेंमी, म्हणजे १०० किमी खोल असतो. हा भूपट्ट थंड असतो, तो स्वतः सहसा वितळत नाही. पण लाखो वर्षं समुद्राखाली राहिल्यामुळे त्याच्या खनिजांत पाणी बांधलेलं असतं. खोलवर दाब आणि उष्णता वाढली की ते पाणी सुटतं आणि वरच्या प्रावरणात शिरतं. तिथला खडक तापलेला असतो, पण कोरडा असताना त्या खोलीवर वितळायला त्याला जवळपास १४००-१५०० अंश लागतात. पाणी मिळालं की वितळणबिंदू काही शे अंशांनी उतरतो, आणि आहे त्या तापमानालाच तो अंशतः वितळतो. तो शिलारस वर चढतो, म्हणून ज्वालामुखी गर्तेवर न येता इतके आत येतात. छेद आणखी पश्चिमेला नेलात तर भूकंप खोल खोल जातात. व्लादिवोस्तोकच्या आसपास ते ५०० किमीहून खाली होतात.

हा छेद एकदा हाताने काढा. व्हिडिओ दुप्पट वेगाने पाहणाऱ्यांना तो ‘समजतो’, पण काढायला सांगितलं की ज्वालामुखी थेट गर्तेच्या तोंडावर बसवतात.

आणि जिथे समुद्रतळ बुडतो तिथे ज्वालामुखी असणारच, असंही लिहू नका. पेरूच्या मध्य आणि उत्तर भागात नाझ्का भूपट्ट साधारण १०० किमी खोल जातो आणि मग शेकडो किमी जवळपास आडवाच सरकतो. वरच्या खंडाला तो खेटूनच असल्याने मध्ये तापलेल्या प्रावरणाला जागा उरत नाही. पाणी सुटलं तरी वितळायला काही नाही. अँडीजच्या त्या पट्ट्यात भूकंप भरपूर होतात, सक्रिय ज्वालामुखी मात्र नाहीत.

बाकीच्या, थोडक्यात

भूपट्ट म्हणजे खंड नव्हे. भारतीय भूपट्टात हिंदी महासागराचा मोठा तळही येतो.

प्रावरण द्रव नसतं. दुय्यम भूकंपलहरी द्रवातून जात नाहीत, प्रावरणातून व्यवस्थित जातात. ते घन राहूनच अतिशय सावकाश वाहतं.

समुद्राच्या मधोमध असलेल्या पर्वतरांगांना जपानचं कारण चिकटवू नका. तिथे भूपट्ट दूर जातात, खालचा खडक वर येताना दाब कमी होतो आणि तो वितळतो. भूकंप उथळच राहतात.

हवाई बेटं पॅसिफिक भूपट्टाच्या मध्यावर आहेत, सीमेवर नाहीत. त्यांना पट्ट्यात कोंबू नका.

‘भारतात सक्रिय ज्वालामुखी नाही’ असं लिहिणाऱ्यांनी अंदमानातलं बॅरन बेट शोधावं. ते सुमात्राच्याच रांगेत आहे.

आणि कोयना (१९६७) किंवा किल्लारी (१९९३) कुठल्याही पट्ट्यात बसवू नका. दोन्ही भूपट्टाच्या आतले भूकंप आहेत, सीमा तिथून फार लांब. कोयनेच्या बाबतीत धरणाच्या जलाशयाचा संबंध मानला जातो, तो लिहा; ‘दख्खनच्या ज्वालामुखीमुळे’ हे लिहू नका, तो लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे.