झाड तोडण्याआधी सावलीवरून उंची काढा

हिवाळ्यात बांधावरची वाळलेली किंवा कललेली झाडं काढायचं काम निघतं. झाड पडल्यावर शेंडा कुठे पोचेल, हे नुसत्या नजरेने ठरवू नका. याच दिवसांत ऊन तिरपं असतं, म्हणून सावलीवरून उंची काढायला हीच वेळ बरी.

एक मीटरची सरळ काठी घ्या. ती जमिनीत रोवत असाल तर मातीच्या वर पूर्ण एक मीटर उरली पाहिजे. दहा सेंटीमीटर आत गेली आणि तरी हिशेब मीटरचाच धरला, तर चौदा मीटरचं झाड साडेपंधराचं निघतं. काठी उभी आहे का, हे दोरीला दगड बांधून ओळंब्यासारखं पाहा. जागा सपाट हवी. सावली उतारावर पडली तर लांबते, चढावर पडली तर आखडते.

दोन्ही सावल्यांची टोकं एकाच वेळी खुणावा, टेप नंतर सावकाश लावा. एक जण झाडाच्या सावलीच्या टोकाशी खुंटी ठोकेल, दुसरा काठीपाशी. सकाळच्या लांब सावलीत पाच मिनिटं मागेपुढे झाली, तरी एवढ्या झाडाला अर्ध्या मीटरचा फरक पडतो.

समजा, काठीची सावली १.२५ मीटर आहे. खोडाच्या कडेपासून टोकापर्यंत १७.३ मीटर भरले आणि खोडाची जाडी ४० सेंटीमीटर आहे. माप खोडाच्या मध्यापासून धरायचं, म्हणून निम्मी जाडी मिळवून १७.५. त्याला १.२५ ने भागलं की उंची १४ मीटर.

सरळसोट, टोकदार शेंड्याच्या झाडाला एवढा हिशेब पुरतो. खरी गडबड होते ती गोल, पसरट झाडाला. ऊन डोक्यावर असलं की सावलीचं टोक शेंड्याचं नसतंच, घेराच्या बाजूच्या फांदीचं असतं. घेर चेंडूसारखा गोल आणि त्याची त्रिज्या तीन मीटर असेल, तर काठीची सावली ५८ सेंटीमीटर असताना झाड चक्क तीन मीटर जास्त उंच दिसतं. तेच, सावली १७३ सेंटीमीटर होईपर्यंत थांबलात तर चूक अर्ध्या मीटरच्या आत येते. म्हणून अशा झाडाला काठीची सावली काठीपेक्षा बरीच लांब असताना मोजा. पण ऊन अगदीच मावळतीला टेकू देऊ नका, तेव्हा टोक इतकं पुसट होतं की खुंटी कुठे ठोकायची तेच कळत नाही.

आलेला आकडा वरच्या पूर्ण मीटरला न्या. त्या अंतरात विजेची तार, गोठा किंवा विहिरीचा पंप येत असेल तर अख्खं झाड एकदम पाडू नका, वरून तुकड्यांनी उतरवा. माणसं आणि जनावरं मात्र उंचीच्या दुप्पट लांब ठेवा, म्हणजे या झाडाला २८ मीटर, आणि तेही चहूबाजूंनी.