साबणाची दरवाढ कळवताना
थंड पद्धतीने केलेला साबण मुरायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात, आणि दरवाढ कळवण्यासाठी हाच अवधी सर्वांत सोयीचा असतो. महागलेल्या तेलाचा पहिला घाणा साच्यात ओताल त्याच दिवशी लिहावे : ‘खोबरेल तेल महागल्यामुळे आज ओतलेली वडी १८० ऐवजी २०० रुपयांना मिळेल; फळीवर मुरत असलेल्या ६० वड्या मात्र संपेपर्यंत जुन्याच दराने मिळतील.’ वेष्टनावर छापलेल्या कमाल किमतीपेक्षा जास्त रक्कम घेणे कायद्यातही बसत नाही. कारण एकच आणि खरे द्यावे. लांबलचक दिलगिरीने उलट शंका वाढते. दर तोच ठेवून वडी १०० ग्रॅमवरून गुपचूप ९० ग्रॅमवर मात्र कधीही आणू नये, कारण नेहमीच्या ग्राहकाला वडी लवकर संपल्याचे जाणवते.